अर्थसंकल्प, निकाल किंवा पतधोरणापूर्वी लाँग स्ट्रँगल: निफ्टी नेमका किती हलायला हवा, हे खरेदीपूर्वी कसे काढावे

२२ जुलै २०२४ च्या सोमवारी, म्हणजे केंद्रीय अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी, निफ्टी २४,५०९ वर बंद झाला. त्या दिवशी बाजार बंद होण्यापूर्वी मी २४,८००चा कॉल, म्हणजे निफ्टी त्या पातळीच्या वर गेला तर फायदा देणारा पर्याय, आणि २४,२००चा पुट, म्हणजे त्या पातळीच्या खाली गेला तर फायदा देणारा पर्याय, असे दोन्ही एकत्र विकत घेतले. दोन्ही मिळून १५० रुपये प्रीमियम, म्हणजे पर्यायांची किंमत, लागला होता आणि एक्स्पायरी, म्हणजे पर्यायांची मुदत संपण्याचा दिवस, गुरुवारी होती. रात्री गिरगावातल्या घरी मी वहीच्या मागच्या पानावर दोन आकडे ठळक लिहून ठेवले: २४,९५० आणि २४,०५०. निफ्टी या दोन आकड्यांच्या बाहेर गेला की नफा, आत राहिला की तोटा, एवढेच मला तेव्हा कळत होते.

दुसऱ्या दिवशी भाषणात भांडवली नफ्यावरचा कर वाढवल्याची घोषणा झाली आणि निफ्टी कोसळला. दिवसाचा नीचांक २४,०७४ होता. त्या क्षणी माझ्या दोन्ही पर्यायांची मिळून किंमत खरेदीपेक्षा स्पष्टपणे वर होती. पण वहीत २४,०५० लिहिलेले होते, आणि अजून चोवीस अंक बाकी आहेत असे समजून मी थांबलो. त्यानंतर बाजार सावरला, निफ्टी २४,४७९ वर बंद झाला आणि दिवसअखेर माझ्या १५० रुपयांचे वीस रुपये उरले होते.

शेजारच्या इमारतीत एक काका राहतात, ज्यांनी फोर्टमध्ये दलाली पेढीत अनेक वर्षे काम केले आहे. त्या संध्याकाळी त्यांना वही दाखवली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "हा ब्रेक-ईव्हन कोणत्या दिवसाचा लिहिलास?" ब्रेक-ईव्हन म्हणजे जिथे ना नफा ना तोटा अशी पातळी. मी एक्स्पायरीचा आकडा लिहिला होता आणि बाहेर पडण्याचा निर्णय मात्र अर्थसंकल्पाच्या दिवशी घ्यायचा होता. हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर सविस्तर मांडण्यासाठी लिहितो आहे.

१. आधी काय जवळ असायला हवे

डिमॅट आणि ट्रेडिंग खाते असले तरी फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग वेगळा सुरू करून घ्यावा लागतो. त्यासाठी पॅन आणि आधारबरोबर उत्पन्नाचा पुरावा मागतात. सहसा पुढीलपैकी एखादा कागद चालतो:

- मागील सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट
- आयकर विवरणपत्राची पोचपावती किंवा फॉर्म १६
- अलीकडील पगारपत्रक

विभाग सुरू व्हायला एक-दोन कामकाजाचे दिवस जाऊ शकतात, त्यामुळे घटनेच्या आदल्या दिवशी अर्ज करण्यात अर्थ नाही. पर्याय विकत घेताना प्रीमियमची पूर्ण रक्कम खात्यात आधीच असावी लागते.

साधनांपैकी तीन गोष्टी पुरतात. पहिली म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरची निफ्टीची ऑप्शन चेन, जिच्यात प्रत्येक स्ट्राइकसमोर, म्हणजे २४,८०० सारख्या पर्यायाच्या ठरलेल्या पातळीसमोर, शेवटच्या व्यवहाराचा भाव `LTP`, खरेदीदारांचा भाव `BID`, विक्रेत्यांचा भाव `ASK` आणि चौथ्या पायरीत समजावलेला `IV` हे रकाने असतात. दुसरी म्हणजे स्ट्राइक, उरलेले दिवस आणि `IV` भरल्यावर पर्यायाची किंमत सांगणारा ऑप्शन कॅल्क्युलेटर. बहुतेक ब्रोकरांच्या ॲपमध्ये तो असतो. तिसरी गोष्ट वही, कारण बाजार हलू लागल्यावर डोक्यातले आकडे आपल्याला हवे तसे बदलत जातात.

२. घटना आणि एक्स्पायरी जुळवा

लाँग स्ट्रँगल म्हणजे निर्देशांकाच्या सध्याच्या पातळीपेक्षा वरच्या स्ट्राइकचा कॉल आणि खालच्या स्ट्राइकचा पुट, दोन्ही एकाच एक्स्पायरीचे, एकाच वेळी विकत घेणे. दिशा माहीत नाही पण हालचाल मोठी होईल असे वाटते, तेव्हा लोक हा मार्ग घेतात. तोटा जास्तीत जास्त भरलेल्या प्रीमियमइतका आणि खर्चाइतका असतो.

घटना मात्र अशी हवी की जिची तारीख आधी ठाऊक आहे आणि जिचा निकाल ठाऊक नाही. अर्थसंकल्प, लोकसभेची मतमोजणी आणि रिझर्व्ह बँकेचे पतधोरण या तिन्हींत हे बसते. एक्स्पायरी घटनेनंतरची असावी हे उघड आहे. तरीही नवखे लोक साप्ताहिक एक्स्पायरीच्या दिवशीच स्वस्त दिसणारे पर्याय घेतात आणि घटना दुसऱ्या दिवशी असते, असे मी पाहिले आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी केलेली आहे. जुन्या लेखांत गुरुवार लिहिलेला आढळेल, त्यावर विसंबू नका.

३. एक्स्पायरीचा ब्रेक-ईव्हन मांडा

इथून पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण प्रत्यक्षात दिसतात तसेच आहेत. समजा, मंगळवार आहे आणि निफ्टी २४,००० वर आहे. मोठी घटना गुरुवारी आहे आणि आपण पुढच्या मंगळवारची, म्हणजे सात दिवसांनंतरची एक्स्पायरी निवडली आहे. २४,४००चा कॉल ११० रुपयांना आणि २३,६००चा पुट १२० रुपयांना मिळतो आहे. एकूण प्रीमियम २३० रुपये झाला. लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावी लागणारी किमान संख्या, ६५चा धरला, तर एका स्ट्रँगलला १४,९५० रुपये लागतील. लॉटचा आकडा एक्स्चेंज वेळोवेळी बदलते, म्हणून ऑर्डरच्या पडद्यावर तो पाहूनच गुणाकार करावा.

```
वरचा ब्रेक-ईव्हन  = 24400 + 230 = 24630
खालचा ब्रेक-ईव्हन = 23600 - 230 = 23370
```

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे कॉलच्या स्ट्राइकमध्ये फक्त कॉलचा प्रीमियम मिळवणे. निफ्टी वर गेला तर पुट शून्यावर संपेल आणि त्याचे १२० रुपयेही कॉलनेच भरून काढायचे आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना पूर्ण २३० धरायचे असतात. त्यात ब्रोकरेज, त्यावरील जीएसटी, विक्रीवरील एसटीटी हा व्यवहार कर आणि एक्स्चेंजचे शुल्क मिळवले, तर एका लॉटला घेणे-विकणे धरून साधारण सव्वाशे ते दीडशे रुपये, म्हणजे आणखी दोनेक अंक लागतात. लॉट एकच असेल, तर प्रत्येक ऑर्डरवरचे ठरावीक ब्रोकरेज अंकांच्या हिशेबात जड पडते, हेही लक्षात घ्यावे.

निफ्टी २४,००० वरून ६३० अंक, म्हणजे सुमारे २.६ टक्के, कोणत्याही एका दिशेने सरकलेला असला पाहिजे, आणि तो एक्स्पायरीच्या दिवशी बंद होताना तिथे असला पाहिजे. मधल्या काळात तो कुठे जाऊन आला याला या आकड्यात काही स्थान नाही.

दूरचे स्ट्राइक घेतले की काय होते, तेही इथेच पाहून घेऊ. त्याच दिवशी २५,०००चा कॉल २० रुपयांना आणि २३,०००चा पुट २५ रुपयांना मिळेल. एकूण ४५ रुपये लागतात, आणि जेवढ्या पैशांत आधीचा एक स्ट्रँगल येतो तेवढ्यात हे पाच येतात, म्हणून मन तिकडे ओढले जाते. पण त्याचे ब्रेक-ईव्हन २५,०४५ आणि २२,९५५ आहेत, म्हणजे निफ्टीला १,०४५ अंक, जवळजवळ ४.४ टक्के, सरकावे लागेल. प्रीमियम स्वस्त झाला त्या मानाने लागणारे अंतर कितीतरी वाढले. माझे मत असे की, पहिल्यांदा हा व्यवहार करणाऱ्याने दूरच्या स्ट्राइककडे जाऊच नये.

४. घटनेच्या दिवसाचा ब्रेक-ईव्हन काढा

वहीत लिहायचा खरा आकडा हा आहे. त्यासाठी `IV` म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे लागते. पर्यायाच्या आजच्या किमतीत पुढील काळातली जेवढी चढउतार गृहीत धरलेली असते, तिचे वार्षिक टक्केवारीतले माप म्हणजे गर्भित अस्थिरता, जिला सगळे आयव्ही म्हणतात. इंडिया व्हिक्स हे निफ्टीच्या पर्यायांवरूनच काढलेले असे एक एकत्रित माप आहे. घटना जवळ येते तशी मागणी वाढते, विकणारे अधिक किंमत मागतात आणि आयव्ही चढते. घटना घडून गेली की अनिश्चितता संपते आणि आयव्ही काही मिनिटांत खाली येते. आपल्याकडचे दोन्ही पर्याय विकत घेतलेले असल्यामुळे आयव्हीची ही घसरण दोन्हीकडून आपल्यालाच लागते.

आपल्या उदाहरणात खरेदीच्या दिवशी आयव्ही सुमारे २० होती. गुरुवारी घटना झाली, एक्स्पायरीला पाच दिवस उरले आणि निफ्टी ३६० अंकांनी, म्हणजे दीड टक्क्याने, वर जाऊन २४,३६० वर बंद झाला असे समजा. आता कॅल्क्युलेटरमध्ये दोन वेगवेगळ्या आयव्ही भरून पाहू.

आयव्ही २०च राहिली, तर दोन्ही पर्याय मिळून साधारण २३० रुपये येतात. म्हणजे ३६० अंकांची हालचाल आपल्याला बरोबर मुद्दलावर आणून ठेवते. आयव्ही १३ झाली, तर त्याच २४,३६० वर कॉल सुमारे १२९ आणि पुट दोन-चार रुपये, असे मिळून १३०च्या आसपास उरतात. निफ्टी तेवढाच हलला, तरी एका लॉटमागे सुमारे साडेसहा हजार रुपये गेले, आणि ते केवळ आयव्ही सात अंकांनी उतरल्यामुळे गेले. निफ्टी जागचा हललाच नाही, तर १३च्या आयव्हीला २३० रुपयांचे जेमतेम ५० रुपये राहतील.

मग १३च्या आयव्हीला मुद्दल परत मिळवण्यासाठी निफ्टी किती वर जायला हवा? कॅल्क्युलेटरमध्ये निफ्टीची पातळी दहा-दहा अंकांनी वाढवत गेले, की २४,५४०च्या आसपास एकूण किंमत २३० होते. म्हणजे घटनेच्या दिवसाचा वरचा ब्रेक-ईव्हन २४,५४० आहे, ५४० अंक दूर. आयव्ही टिकली असती तर ३६० अंकांत काम झाले असते आणि एक्स्पायरीपर्यंत थांबायचे म्हटले तर ६३० अंक लागतील. वहीत हे तीनही आकडे एकाखाली एक लिहावेत, कारण प्रश्न कोणत्या दिवसाचा आहे त्यानुसार उत्तर बदलते.

खालच्या बाजूचे चित्र थोडे वेगळे असते. बाजार जोरात पडतो तेव्हा घबराटीमुळे पुटची मागणी वाढते आणि आयव्ही लगेच उतरत नाही, उलट कधी कधी चढते. म्हणून घसरणीच्या दिवशी खालचा ब्रेक-ईव्हन ५४० अंकांपेक्षा जवळ, ३६० अंकांच्या दिशेने सरकलेला असतो. २३ जुलैला माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते. २४,०७४ ला मी नफ्यात होतो, तो पुटची आयव्ही अजून टिकून होती म्हणून. चढत्या बाजारात ही सवलत सहसा मिळत नाही.

घटनेनंतरची आयव्ही १३ होईल की १५, हे आधी कसे ठरवायचे, असा प्रश्न पडेल. मी एक सोपी पद्धत वापरतो. ऑप्शन चेनमध्ये पुढच्या महिन्याची एक्स्पायरी उघडून निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकची आयव्ही पाहतो. त्या लांबच्या काळात घटनेचा एक दिवस इतर अनेक साध्या दिवसांत मिसळून जातो, त्यामुळे तिथली आयव्ही बाजाराच्या नेहमीच्या चालीच्या जवळ असते. चालू आठवड्याची आयव्ही २० आणि पुढच्या महिन्याची १४ असेल, तर घटनेनंतर चालू आठवड्याची आयव्ही चौदाच्या आसपास किंवा त्याखाली जाईल असे धरून हिशेब करतो. दोन्हींत फरकच नसेल, तर बाजाराने घटनेची धास्ती अजून किमतीत घेतलेली नाही असे समजावे, आणि असे क्वचितच आढळते.

५. बाजाराने किती हालचाल आधीच धरली आहे ते पाहा

घटना मोठी आहे, हे फक्त आपल्यालाच ठाऊक नसते. म्हणून "निफ्टी हलेल का" हा प्रश्न पुरेसा नाही. बाजाराने जेवढी हालचाल किमतीत धरली आहे तिच्यापेक्षा तो जास्त हलेल का, हे विचारायला हवे. हा धरलेला आकडा काढण्यासाठी २४,०००चाच कॉल आणि २४,०००चाच पुट, म्हणजे स्ट्रॅडल, मिळून कितीला आहे ते पाहावे. आपल्या उदाहरणात तो ५३०च्या आसपास येईल. एक्स्पायरीपर्यंत निफ्टी सरासरीने साधारण तेवढे अंक कुठल्या तरी बाजूला सरकेल, असे बाजार म्हणतो आहे. आपला एक्स्पायरीचा ब्रेक-ईव्हन ६३० अंकांवर आहे, तेव्हा बाजाराच्या अंदाजापेक्षाही मोठी हालचाल झाली तरच आपल्या हाती काही लागेल.

आता हा आकडा त्याच प्रकारच्या मागील घटनांशी ताडून पाहावा, आणि ताडताना दिवसाचा उच्चांक-नीचांक न घेता बंद भाव घ्यावा. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पाला निफ्टी २८ अंकांनी खाली बंद झाला. २३ जुलै २०२४ ला ३० अंकांनी खाली, आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या शनिवारी, जेव्हा अर्थसंकल्पासाठी बाजार मुद्दाम उघडा ठेवला होता, तेव्हा २६ अंकांनी खाली. सलग तीन अर्थसंकल्प असे गेले की, दिवसभर चढउतार होऊनही बंद होताना निफ्टी जवळजवळ होता तिथेच होता. या तिन्ही दिवशी स्ट्रँगल घेऊन शेवटपर्यंत बसलेल्या माणसाचा प्रीमियम आयव्हीच्या घसरणीत गेला असणार.

याच्या उलट टोकाला ४ जून २०२४ चा मतमोजणीचा दिवस आहे. त्या दिवशी निफ्टी १,३७९ अंकांनी, जवळजवळ सहा टक्क्यांनी, खाली बंद झाला. तेवढ्या हालचालीसमोर कोणताही वाजवी ब्रेक-ईव्हन सहज पार झाला असता. लोक हाच एक दिवस लक्षात ठेवतात. पण पुढच्या घटनेच्या आधी स्ट्रँगल महाग का असतो, याचेही एक कारण हाच दिवस आहे. विकणाऱ्यांनाही तो लक्षात असतो.

ताडून पाहिल्यावर आपला घटनेच्या दिवसाचा ब्रेक-ईव्हन मागील बहुतेक वेळच्या बंद भावाच्या हालचालीपेक्षा दूर दिसत असेल, तर व्यवहार सोडून द्यावा. मी स्वतः बहुतेक अर्थसंकल्पांना आणि जवळजवळ सगळ्या पतधोरणांना इथेच थांबतो.

६. खरेदी करताना

हा भाग थोडक्यात आटपतो, कारण यात विचार कमी आणि शिस्त जास्त आहे. दोन्ही पर्याय बास्केट ऑर्डरमधून एकत्र टाकावेत. एक घेतला आणि दुसरा राहिला, तर तो स्ट्रँगल राहत नाही, एका दिशेवरचा सट्टा होतो. मार्केट ऑर्डर न टाकता `BID` आणि `ASK` पाहून लिमिट ऑर्डर टाकावी. निफ्टीचे स्ट्राइक ५०-५० अंकांच्या अंतराने असतात, पण शंभराच्या पटीतल्या स्ट्राइकमध्ये उलाढाल जास्त असते आणि दोन भावांतले अंतर कमी असते, म्हणून तेच निवडावेत.

वेळेबाबत मात्र एक गोष्ट सांगायला हवी. आयव्ही घटनेच्या आधी काही दिवस चढत असते, त्यामुळे शेवटच्या तासाला घेणारा सर्वांत महाग घेतो. तीन-चार दिवस आधी घेतले, तर दिवस सरतील तशी प्रीमियमची होणारी रोजची झीज सोसावी लागते, पण चढती आयव्ही तिची थोडीफार भरपाई करते. फार आधी घेण्यानेही काही साधत नाही. मला दोन ते चार कामकाजाचे दिवस आधीची वेळ बरी वाटते.

७. बाहेर कधी पडायचे, हे आधीच लिहा

लोकसभा निकालाच्या आठवड्याचे बंद भाव डोळ्यांसमोर ठेवले, की या पायरीचे महत्त्व कळते. शुक्रवार, ३१ मे २०२४ ला निफ्टी २२,५३० वर होता आणि इंडिया व्हिक्स साडेचोवीसच्या आसपास होता. शनिवारी संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या आल्या आणि सोमवारी निफ्टी ७३३ अंक चढून २३,२६३ वर गेला, पण व्हिक्स एकविसाच्या आसपास उतरला. मंगळवारी मतमोजणी झाली आणि निफ्टी २१,८८४ वर बंद झाला. दिवसाचा नीचांक तर २१,२८१ होता, आणि व्हिक्स सव्वीसच्या पुढे होता. बुधवारी निफ्टी ७३५ अंकांनी वर येऊन २२,६२० वर बंद झाला आणि व्हिक्स एकोणीसच्या आसपास आला. गुरुवारी, ६ जूनला, त्या आठवड्याची एक्स्पायरी २२,८२१ वर झाली.

शुक्रवारी स्ट्रँगल घेतलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तीन दिवसांत एकदा सातशे अंक वर, एकदा तेराशे अंक खाली, पुन्हा सातशे अंक वर, एवढी प्रचंड हालचाल झाली. तरीही बुधवारी निफ्टी शुक्रवारच्या भावापासून अवघे ९० अंक आणि एक्स्पायरीला २९१ अंक दूर होता. जो मंगळवारी दुपारी बाहेर पडला, त्याला मोठा नफा झाला असणार. जो एक्स्पायरीच्या ब्रेक-ईव्हनकडे बघत गुरुवारपर्यंत बसला, त्याच्या हाती बहुधा काहीच लागले नसणार. सोमवारची गोष्टही विसरू नये. ज्या घटनेची आपण वाट पाहत असतो तिच्या एक दिवस आधी दुसरी घटना येऊन किंमत हलवून जाते, आणि कॉल घेऊन बसलेल्याला तिथेच बाहेर पडायची संधी मिळते.

म्हणून खरेदी करतानाच वहीत तीन ओळी लिहाव्यात. पहिली ओळ नफ्याची: दोन्ही पर्यायांची एकत्र किंमत इतकी झाली की विकायचे. आपल्या उदाहरणात मी ३२० ते ३५० च्या दरम्यानचा आकडा लिहीन. निफ्टीची पातळी न लिहिता प्रीमियमचाच आकडा लिहावा, कारण त्यात आयव्ही आणि उरलेला वेळ आपोआप धरला जातो. माझी चूक नेमकी हीच होती की मी निफ्टीची पातळी लिहिली होती. दुसरी ओळ वेळेची: घटनेच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत काही झाले नाही, तर उरलेल्या किमतीला विकायचे. ५० रुपये उरले असतील, तर एका लॉटचे ३,२५० रुपये तरी परत येतात, आणि ते दररोज झिजत जाण्यापेक्षा बरे. तिसरी ओळ एका बाजूची: निफ्टी एका दिशेने जोरात गेला, तर दुसऱ्या बाजूचा पर्याय चार-पाच रुपयांना विकायचा की तसाच ठेवायचा. बाजार उलटण्याची शक्यता ४ जूनसारखी ठळक असेल तर मी तो ठेवतो, कारण त्याची किंमत तेव्हा नगण्य असते. एरवी दोन्ही एकत्र विकतो.

एक्स्पायरीपर्यंत जाऊच दिले, तर निर्देशांकाच्या पर्यायांची तडजोड रोखीत होते आणि स्ट्राइकच्या पुढे गेलेला पर्याय आपोआप वठतो. त्यावर एसटीटी मात्र प्रीमियमवर न लागता जेवढ्या अंकांनी पर्याय पुढे गेला आहे त्या मूल्यावर, आणि खरेदीदाराकडूनच, घेतला जातो. शेवटच्या दिवशी विकून बाहेर पडायचे की वठू द्यायचे, याचा निर्णय घेताना हा खर्च दोन्ही बाजूंनी मोजून पाहावा.

व्यवहार संपल्यावर ब्रोकरने ईमेलने पाठवलेली काँट्रॅक्ट नोट जपून ठेवावी. फ्युचर्स-ऑप्शन्सचे उत्पन्न व्यवसायाचे उत्पन्न धरले जाते, त्यामुळे पगारदाराने एकच व्यवहार केला तरी साधारणपणे आयटीआर-३ भरावा लागतो, आणि तोटा दाखवून पुढच्या वर्षांत ओढायचा असेल तर विवरणपत्र मुदतीत भरणे आवश्यक असते. त्याच काँट्रॅक्ट नोटवर मी हाताने आणखी चार गोष्टी लिहून ठेवतो: खरेदीच्या वेळची आयव्ही, घटनेनंतर अर्ध्या तासातली आयव्ही, त्या दिवसाचा काढलेला ब्रेक-ईव्हन, आणि निफ्टीचा बंद भाव. पुढच्या घटनेच्या वेळी १३ की १५, असा प्रश्न पडला, की मी आधी ही पाने उलटून पाहतो.